नांदीचा तिसरा चरण

फुलांचं तबक माझ्यासमोरून गेलं. थांबलं नाही.

आम्ही आठ जण रंगमंचावर अर्धवर्तुळात उभे होतो. नाटकात नटी होणाऱ्या मेधाताई प्रत्येकाच्या ओंजळीत शेवंतीच्या पाकळ्या ओतत येत होत्या. माझ्या डावीकडच्या ओंजळीत पाकळ्या पडल्या. मग उजवीकडच्या. मधल्या माझ्या ओंजळीत काहीच पडलं नाही.

पहिल्या तालमीत मी ती चूक समजले होते. दुसऱ्या तालमीत योगायोग. निष्कर्ष काढण्यापूर्वी तिसरी नोंद घ्यावी, अशी मला सवय आहे. रंगीत तालमीत ती मिळाली.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. दिंडोरीच्या एका वाइनरीत गुणवत्ता तपासणीचं काम करते. राहते सातपूरला. आजोबा गावकुसाबाहेरचं घर सोडून इथे आले, वडील कारखान्यात लागले. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, देव्हारा नाही. तरीही मला नांदी आवडली. तिची रचना आवडली.

आमच्या नांदीचे तीन चरण होते. पहिल्या चरणात देवतेची स्तुती, दुसऱ्यात सभेला वंदन आणि तिसऱ्यात आशीर्वाद: नाटक निर्विघ्न पार पडो, पाहणाऱ्यांचं कल्याण होवो. यमन राग, झपताल, दहा मात्रा. तिसरी घंटा झाली की ऑर्गनवर काळी चारचा षड्ज धरला जाई. पहिला चरण दर्शनी पडद्याआड सगळे मिळून गात. तो संपताना पडदा उघडे आणि दुसरा चरण थेट प्रेक्षकांकडे पाहून म्हटला जाई. ज्या सुरात देवाला हाक मारली, त्याच सुरात समोर बसलेल्या अनोळखी माणसांना नमस्कार. देव आणि सभा यांना एकच मान. हे मला न्याय्य वाटायचं.

तिसरा चरण मी एकटीने गायचा होता. शेवटच्या ओळीची तिहाई, म्हणजे तेच शब्द तीनदा, आणि तिसऱ्यांदा समेवर. त्या समेला सगळ्यांनी ओंजळीतल्या पाकळ्या प्रेक्षकांवर उधळायच्या. मग सूत्रधाराने पुढे येऊन पहिलं वाक्य बोलायचं. नांदी संपल्याशिवाय सूत्रधार बोलत नाही. पूर्वापार तसंच आहे.

रंगीत तालमीनंतर मी दिग्दर्शकांना गाठलं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते निवृत्त शिक्षक होते. माझा आवाज ऐकून त्यांनीच मला या नाट्यसंस्थेत आणलं होतं.

"अण्णा, माझी फुलं?"

"अगं, तू मुख्य गायिका. तू नुसता नमस्कार कर. उठून दिसशील."

"मेधाताईंना कुणी सांगितलं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पहिल्या रांगेत गुरुजी असतात. तालमीचा हॉल त्यांचाच. अंगावर पडलेली नांदीची फुलं ते घरी नेऊन देवापुढे ठेवतात. वर्षानुवर्षांचं आहे ते. आता या वयात त्यांना काय समजावायचं? तू शिकलेली आहेस, बाळा. तूच समजून घे."

"माझा आवाज चालतो त्यांना?"

"आवाजाचं काय," अण्णा म्हणाले, "तो हवेत विरतो."

मी "बरं" म्हटलं. या संपूर्ण लिखाणात हा एक शब्द लिहिणं मला सर्वांत जड गेलं आहे. मला प्रयोग हवा होता. वडिलांनी शिफ्टमधल्या पाच सहकाऱ्यांना बोलावून ठेवलं होतं. म्हणून मी बरं म्हटलं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत होते. कोपरापर्यंत हात धुतले, अल्कोहोल लावलं, ज्योतीजवळ पेट्री डिश उघडली. माझ्या कामात एक डिश नुसती उघडून तशीच बंद करतात. तिच्यावर काही वाढलं, तर हाताळणाऱ्याचा हात दूषित. माझ्या त्या डिशवर कधी काही वाढलेलं नव्हतं. दोन दिवसांपूर्वीची मी उजेडात धरली. स्वच्छ. मी ती बराच वेळ धरून राहिले. सहकारी म्हणाली, "काय गं, काही दिसतंय का?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

संध्याकाळी रंगमंचाच्या कडेला नारळ फुटला. नटराजाला हार घातला. धुपाटण्याचा धूर पडद्यामागे कोंडला आणि समोरचा माणूस धूसर दिसू लागला. पडद्यापलीकडे खुर्च्यांचे आवाज, खोकले, कुणाचं तरी हसू. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. पहिल्या रांगेत गुरुजी, उपरणं सारखं करत होते. बरंच मागे वडील, इस्त्रीच्या शर्टात. ते शेजारच्या माणसाला रंगमंचाकडे बोट करून काही सांगत होते.

दुसरी घंटा झाली. तबक आलं. गेलं.

मेधाताई पुटपुटल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस हं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसरी घंटा. षड्ज. पहिला चरण मी सगळ्यांबरोबर गायले. पडदा सरकला, दिव्यांचा झोत तोंडावर आला. दुसरा चरण मी पूर्ण गायले, कारण त्या सभेत माझे वडील होते. त्यांना माझं वंदन होतं आणि ते मी कुणासाठीही अडवणार नव्हते.

मग ऑर्गनने तिसऱ्या चरणाची जागा दाखवली.

माझा तर्क साधा होता. माझ्या हातच्या फुलांनी ज्यांचा देव बाटतो, त्यांनी माझ्या तोंडचा आशीर्वाद घेऊ नये. दोन्ही एकाच देहातून येतात.

मी तोंड उघडलं नाही. नमस्कार सोडला आणि रिकामी ओंजळ पुढे धरली.

तबलजीने एक आवर्तन वाजवलं. दुसरं. ऑर्गनवाल्याला वाटलं, मी ओळ विसरले. त्याने ती वाजवून दाखवली. तिसरं आवर्तन. माझ्या दोन्ही बाजूंना सात ओंजळी भरलेल्या होत्या, आणि समेविना कुणालाच पाकळ्या उधळता येत नव्हत्या. विंगेतून अण्णांचा आवाज आला, "म्हण. अगं म्हण. नांदी मोडू नये." सूत्रधार पाऊल उचलून तसाच थांबला. सभागृहातला खोकलासुद्धा बंद झाला. गुरुजींनी उपरणं मांडीवर पसरून ठेवलं होतं. ते तसंच होतं.

मी बोलले. गायले नाही.

"सगळ्यांच्या ओंजळीत फुलं आहेत. माझ्या ओंजळीत ठेवलेली नाहीत. पुढचा चरण आशीर्वादाचा आहे. तो मी देणार नाही."

तबला थांबला. पडदा पडला. नाटक पुढे झालं, वीस मिनिटं उशिरा, नांदीशिवाय. मी निघून आल्यावर कुणीही पाकळ्या उधळल्या नाहीत असं समजलं.

वडील बाहेर मोटारसायकलजवळ उभे होते. एकटेच. त्यांच्यामागे बसून मी सातपूरला आले. घराखाली त्यांनी गाडी लावली आणि किल्ली हातात धरून म्हणाले, "कंपनीत माझा पाण्याचा ग्लास वेगळा असायचा. खिडकीत. मी कधी मशीन बंद केलं नाही." मग जिना चढून गेले. त्यांनी मला शाबासकी दिली की दोष, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

महिन्याभरात सूत्रधाराच्या घरी आजारपण आलं. संस्थेतले लोक त्याचा संबंध अर्धवट राहिलेल्या नांदीशी जोडतात. रस्त्यात भेटले तर बाजूने जातात. मला कार्यकारणभाव शिकवलेला आहे. मी खाली पाहत नाही.

परवा अण्णांचा फोन आला. "दोन ओळी माफीच्या लिहून दे. नांदी मोडली याबद्दल. पुढच्या प्रयोगाला तुझ्याशिवाय जमत नाही गं. आवाज कुठून आणायचा?"

"गुरुजी येणार आहेत?"

"येणारच ना."

"मग माफी लिहिणार नाही. नांदी मी तीनही चरण म्हणेन. फुलांचं तबक माझ्या हातात असेल आणि इतर सातांच्या ओंजळी मी भरेन."

ते म्हणाले, "हे कसं शक्य आहे?"

"मग तिसरा चरण शक्य नाही," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.