रेषेला लागलेली सर्व्हिस

मीरा रोडच्या आमच्या कॉम्प्लेक्समधला स्क्वॉश कोर्ट बिल्डरने जाहिरातीत छापायला बांधला होता. पहिली काही वर्षं तिथे गणपतीचं मखर आणि मोडक्या खुर्च्या राहायच्या. मग दोन बायकांनी तो झाडून घेतला. एक माझी बायको, दुसरी समोरच्या दारातली गुजराती भाभी.

तेव्हापासून दरवर्षी महिलांची फायनल याच दोघींत. सलग दोन वर्षं भाभी जिंकली. चषक तिने चपलांच्या कपाटावर ठेवला, दार उघडलं की थेट आमच्या डोळ्यांत जाईल असा. ती दारही फार वेळा उघडायची. आमची बायको दूध घ्यायला बाहेर जायची ती मान वळवून.

या वर्षी पंच मी. अख्ख्या सोसायटीत नियम वाचलेला मी एकटाच होतो. नेमणूक ऐकताच बायको म्हणाली, "घरचं घरी ठेवायचं. कळलं ना, अहो?"

"भाभींनाही हेच सांग."

"त्यांना कशाला? त्यांचा नवरा कुठे पंच आहे!"

कोर्टची मागची भिंत काचेची. काचेला नाक लावून सगळी बिल्डिंग उभी, आणि मी मधोमध उंच स्टुलावर, राजासारखा. आमची मंडळी बॅडमिंटनवर वाढलेली. शटल रेषेवर पडलं की आत, हे त्यांच्या रक्तात. स्क्वॉशमध्ये उलटं, रेषेला लागलं की बाद. हे मी त्यांना सामन्याआधी हातवारे करून सांगितलं होतं. समोरच्या भिंतीवर खाली पत्रा, मध्ये सर्व्हिसची रेषा, सगळ्यात वर बादची. सर्व्हिस करताना निदान एक पाय जमिनीवर आखलेल्या बॉक्समध्ये टेकलेला हवा, बॉक्सच्या रेषेलाही न टेकता. चेंडू आधी समोरच्या भिंतीवर, मधल्या आणि वरच्या रेषांच्या मध्ये लागायला हवा. तिथून परतताना समोरच्या खेळाडूने हवेतच मारला नाही, तर तो पलीकडच्या बाजूच्या मागच्या चौकोनात पडायला हवा. सर्व्हिस एकच, दुसरी संधी नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे विसरले.

शेवटचा गेम, दहा-नऊ. बायको जिंकण्यापासून एका गुणावर, सर्व्हिस तिचीच. तिने चेंडू जोरात मारला, तो समोर आदळला आणि भाभी परतवूच शकली नाही. काचेबाहेर टाळ्यांचा एकच कडकडाट. "लाईनला लागला! लाईनला! जिंकल्या!" तळमजल्यावरचे काका नाचायलाच लागले.

लागला होता खरा. बरोब्बर मधल्या रेषेवर, लाल रंगावर काळा ठिपका उमटवून. मी उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, "फॉल्ट. दहा-दहा."

टाळ्या जिथल्या तिथे थांबल्या. बायकोने वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लग्नाच्या व्हिडिओतही पाहिलेली नाही. भाभी गोड हसली, "भाईसाब एकदम सच्चे आदमी हैं!"

आता दोन गुणांनी पुढे गेल्याशिवाय सुटका नव्हती. भाभीच्या सर्व्हिसवर रॅली लांबली आणि ती बायकोने घेतली. अकरा-दहा. सर्व्हिस पुन्हा हिच्याकडे. ती उजव्या बॉक्समध्ये उभी राहिली, पायाकडे एकदा खाली बघितलं आणि चेंडू हळूच, उंच उडवला. समोरच्या भिंतीवर सर्व्हिसच्या रेषेच्या बराच वर लागून तो भाभीच्या डोक्यावरून डाव्या भिंतीकडे गेला. भिंतीला घासला. भाभीने रॅकेट खाली केली, हात वर केले. "आउट! दीवार को लगा!"

चेंडू तिच्या मागे कोपऱ्यात पडला, टप्प टप्प करत थांबला.

"चांगली सर्व्हिस," मी म्हणालो. "आधी समोरची भिंत, मग बाजूची. बादच्या रेषेखाली असली की चालते. मागच्या चौकोनात पडली. बारा-दहा."

"अरे भाईसाब! बीवी है इसलिए?"

मी काही बोलायच्या आधी नाचणारे काकाच गरजले, "अहो भाभी, आत्ता बायकोची जिंकलेली मॅच घालवली यांनी! अजून काय पाहिजे?"

भाभीने कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. पुढचा वाद मिटला.

चषक त्याच संध्याकाळी आमच्या चपलांच्या कपाटावर आला. दार उघडंच. थोड्या वेळाने भाभी हांडवोची, म्हणजे डाळ-तांदळाच्या खरपूस केकची, थाळी घेऊन आली, चषकाकडे पाहून नाक मुरडलं आणि मला विचारलं, "सच बोलो, वो लाइनवाला सच में लाइन पे था?"

"होता."

आतून, कुकरच्या शिट्टीवरून, आवाज आला, "नव्हता! वर होता!"

भाभीने थाळी माझ्या हातात दिली. "खा लो, भाईसाब. आज उधर कुछ मिलनेवाला नहीं."