अवधाण

मला डॉक्टरांचा राग आला होता, सासूबाईंचा आला होता, शेजारणीचा तर विचारूच नका. माझा स्वतःचा राग यायला मात्र सहा आठवडे लागले.

आठ वर्षांच्या लेकीचा घसा बसला, तीन दिवस ताप आला नि उतरला. मग वेणी घालताना जबड्याखाली हाताला हरभऱ्याएवढी गाठ लागली. दाबली तरी पोरगी हूं की चूं करेना. शेजारीण दारातूनच म्हणाली, "बाई गं, गाठ? गाठ म्हणजे वाईटच!" अशी चिडले मी! माणसाला घाबरवायचा काय मक्ता घेतलाय का यांनी?

छावणी भागातल्या, लेकीच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मान चाचपली, घसा पाहिला. "मऊ आहे, बोटाखाली सरकते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तसंच हे घशामुळं आलंय. बहुतेक वेळा आपोआप जातं."

अवधाण! जिवात जीव आला. आमच्या घरात अवधाणासाठी कधी कुणी दवाखान्याची पायरी चढलं नव्हतं. ते येतं नि जातं. डॉक्टर पुढंही काहीतरी बोलत होते, लिहीत होते. मी चप्पल शोधत होते. घरी येऊन शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सुनावलं, "अवधाण आहे म्हटलं!"

पाचव्या आठवड्यात सासूबाई फुलंब्रीहून आल्या. नातीचे केस विंचरता विंचरता त्यांचा हात मानेवर थांबला.

"हे कवापासून आहे गं?"

"महिना झाला. अवधाण आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"अवधाण इतके दिवस राहतंय व्हय? आन ते दुखतं. हे तर दुखत बी नाय. आमच्या घरी एकदा असंच..."

"दुखत नाही तेच बरं आहे ना?" माझा आवाज चढला. "आता तुम्हीही सुरू होऊ नका! आल्या गेल्यानं त्या लेकराची मान दाबायची नि मला घाबरवायचं, एवढंच काम उरलंय का सगळ्यांना?" मी आत निघून गेले आणि दार आपटलं.

पुढच्या आठवड्यात शाळेचा स्कर्ट लेकीच्या कमरेवरून घसरायला लागला. पिन लावताना माझा हात पुन्हा तिच्या मानेकडं गेला. एक नव्हती आता. दोन-तीन एकमेकींना चिकटल्यासारख्या, बोराएवढ्या, आणि सरकत नव्हत्या.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या मी डॉक्टरांवर तुटून पडले. "तुम्हीच म्हणालात अवधाण आहे! माझ्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर?"

त्यांनी आधी मान तपासली, वजन केलं, संध्याकाळी ताप येतो का, घरात कुणाला जुनाट खोकला आहे का विचारलं. मग माझ्याच हातातल्या फाईलमधला जुना कागद काढून समोर ठेवला. चार आठवड्यांनी दाखवणे. वाढली, कडक झाली, सरकेना झाली, वजन घटलं किंवा ताप येत राहिला, तर लगेच. खाली दोन रेघा ओढलेल्या. मी तो कागद एकदाही उघडला नव्हता.

"त्या दिवशी ती गाठ साधीच वाटत होती," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर परत बोलावलं होतं. नुसत्या दुखण्या न दुखण्यावरून काही ठरत नाही. साधी गाठही दुखत नाही कधी कधी."

सोनोग्राफी झाली. मग सुईनं गाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं. सुई टोचताना लेकीनं माझा हात असा आवळला की बोटं पांढरी पडली. अहवाल आला : गाठीचा टीबी. औषधं निदान सहा महिने, एकही दिवस न चुकवता, आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी. "पूर्ण बरी होईल," डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. या वेळी मी शब्द न् शब्द ऐकला, वर कागदही वाचून घेतला.

घरी आले तर सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. टोमणा मारतील म्हणून मी वाटच पाहत होते. मारला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "गंडमाळ निघाली ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या पाठच्या बहिणीला झाली होती. घरच्यांनी अवधाण म्हणून तशीच ठेवली. मग फुटली. मानेवरचे वण दिसू नयेत म्हणून तिनं जन्मभर गळ्यावरचा पदर काढला नाय."

मला रडूच कोसळलं. रडता रडताही मी त्यांच्यावरच ओरडले, "मग हे तेव्हाच सांगायचं नाही का?"

"सांगतच होते की," त्या म्हणाल्या. "तू दार आपटलंस."