तिच्या वाट्याची रजा

बायको गेली तेव्हा तेरावा झाल्यावर लेक म्हणाला, "आबा, तिच्याविषयी काही लिहून काढा, बरं वाटेल." बरंबिरं काही वाटत नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंतची. भाषेला हसायचं त्यानं हसावं.

पन्नास सालानंतरचं पिंपरी म्हणजे रेल्वेचं स्टेशन, निर्वासितांची वसाहत आणि नुसती माळरानं. निगडीकडं ज्वारी असायची. त्या माळावर कारखाने उभे राहू लागले तसे आम्ही नगरकडचे, सोलापूरकडचे लोक पोटासाठी येऊन पडलो. मी एका कारखान्यात बॉयलरवर आगवाला होतो. आगवाला म्हणजे भट्टीत कोळसा मारणारा. चिंचवडला नदीच्या बाजूला एक खोली भाड्यानं घेतली होती. ती, मी आणि दोन लेकरं.

तिचं माहेर साताऱ्याकडच्या डोंगरात, पार आत. एसटीनं शेवटच्या थांब्याला उतरायचं आणि तिथून दिवसभर चालायचं. लग्न झाल्यावर ती एकदाच गेली होती, तेव्हा बाप न्यायला आला होता. तिला भाऊ नव्हता. मग मुराळी कोण येणार न्यायला? बाप आता म्हातारा, त्याला डोंगर उतरवत नव्हता. दोन लेकरं घेऊन बाई माणूस एकटी जाऊ शकत नाही, म्हणजे न्यायचं तर मीच न्यायचं.

आणि बातमी आली की खाली नदीवर धरण होणार, तिचं गाव पाण्यात जाणार. लोकांना खालच्या अंगाला, माळावर, नव्या जागा देणार.

ती चुलीपुढं बसली होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "लोकं उठायच्या आत एकदा पंधरवडाभर राहून येऊ. घरात माणसं असताना."

"जाऊ की," म्हणालो मी.

आता रजेचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कायद्यानं आम्हाला वर्षाला पंधरवड्याच्या आसपास पगारी रजा मिळायची. घेतली नाही तर पुढच्या वर्षात जायची, पण साठून साठून एका महिन्यापर्यंतच. त्याच्या वर जी राहील ती वर्ष संपलं की बुडाली. माझा महिना साठलेला होता. पण तो महिना आईनं आधीच मागून ठेवला होता. पुढच्या वर्षी धाकट्या भावाचं लग्न आणि त्याच्याआधी घर शाकारायचं, असा शब्द गावाला गेलेला. म्हणजे त्या वर्षाची नवी रजा तेवढी हिच्या वाट्याची. महिन्यातले दिवस हिला का दिले नाहीत, असं आज कोणी विचारील. तेव्हा असं विचारत नसत. तिनंही विचारलं नाही.

त्या वर्षी दुसरा बॉयलर आला. विटा लावायच्या, नळ जोडायचे, तपासणीला साहेब येणार, त्याच्या आत सगळं झालं पाहिजे. जुना बॉयलर तर चालूच होता. माणसं तेवढीच, भट्ट्या दोन. आमचे मेस्त्री कोकणातले, सगळे त्यांना काका म्हणायचे. तोंडानं फाटके, पण माणूस सोन्याचा. माझा पोरगा गोवरानं फणफणला तेव्हा स्वतःच्या सायकलवर डॉक्टर आणला होता त्यांनी.

मी काकांना म्हणालो, "काका, पंधरवडा पायजे. हिचं गाव उठायच्या आत."

"अरे, गाव काय उद्या उठतंय? सरकारचं काम हाय ते, तुझ्या म्हातारपणी होईल. बॉयलर पेटू दे, मग जा. मी नाय म्हणतोय का?"

दिवाळीला पुन्हा विचारलं. "थांब जरा रे, तपासणी होऊ दे." मी थांबलो.

आमच्या खात्यात रीतच तशी होती. रजा पाहिजे तर आधी काकांना तोंडी सांगायचं. ते हो म्हणाले की टाइम ऑफिसात अर्ज द्यायचा. थांब म्हणाले की थांबायचं. काका थांब म्हणाल्यावर कागद देणं म्हणजे त्यांच्या तोंडावर मारल्यासारखं. तसं कोणी करायचं नाही. आम्हाला ते शहाणपण वाटायचं.

बॉयलर पेटला. नारळ फुटला, पेढे वाटले. आणि वर्ष संपलं. टाइम ऑफिसच्या कारकुनानं रजेचं पुस्तक दाखवलं. महिना जागेवर होता. वरचं काही नाही.

"भाऊ, बुडाली ती," तो म्हणाला.

"अहो, वर्षभर मान वर केली नाही आम्ही. बुडाली कशी?"

"माझ्याशी कशाला भांडतोस? लेबर ऑफिसरकडं जा."

लेबर ऑफिसर कोवळा माणूस, नुकता पुण्याहून आलेला. सगळं नीट ऐकून घेतलं त्यानं. म्हणाला, "कायदा तुमच्याच बाजूचा आहे. पंधरा दिवस आधी लेखी अर्ज केला आणि आम्ही रजा नाकारली, तर ती नाकारलेली रजा कितीही साठली तरी बुडत नाही. नामंजूर अर्ज दाखवा, आत्ता नोंद करतो."

"अर्ज केलाच नाही."

"का?"

"काका थांब म्हणाले," म्हणालो.

त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "मग अपवाद करून मागावं लागेल. मॅनेजर करू शकतील. पण मेस्त्रींनी लिहून द्यायला हवं, की यानं रजा मागितली होती आणि मी नाही म्हणालो."

काकांना हे सांगायला माझे पाय निघेनात. भट्टीपाशीच बोललो. ते भडकले.

"माझ्या शब्दावर कागद मागतोस? इतकी वर्सं माझ्या हाताखाली खाल्लंस न् आता सायबापुढं उभा करतोस काय रे मला?"

"तसं नाही काका. हिचं माहेर—"

"गप्प ऱ्हा!" फावडं आपटून गेले ते. बाकीचे हसायला लागले. एकजण म्हणाला, "राव, सासुरवाडीला जायला एवढं रडतंय कोण!"

दुसऱ्या दिवशी काका धुतलेला सदरा घालून आले आणि मला म्हणाले, "चल." ऑफिसरपुढं उभं राहून म्हणाले, "सायेब, ह्यानं रजा मागितली. दोनदा मागितली. मीच नाय म्हणालो. लिवा, मी सही करतो."

ऑफिसर म्हणाला, "मेस्त्री, विचार करा. मॅनेजर विचारतील, बाकीच्यांनाही असंच थांबवलंत का?"

"थांबवलंच की. त्याबिगर तुमचा बॉयलर कोणी पेटवला असता?"

सही केली. बाहेर येऊन मला म्हणाले, "बायकोला सांग, आता मोठी पिशवी भर. आणि येताना फणसाचं काय मिळालं तर आण."

मी घरी येऊन सांगितलं. तिनं त्याच संध्याकाळी लेकरांचे कपडे धुऊन ठेवले.

पण कागद एकदा निघाला की आपल्या हातात राहत नाही. मॅनेजरनं तो मुंबईच्या मोठ्या ऑफिसला पाठवला. एकाला दिलं तर सगळे मागतील, असं तिथं कोणीतरी म्हणालं म्हणे. संक्रांत गेली, शिमगा गेला. ती रोज विचारायची नाही. डबा देताना नुसती माझ्या तोंडाकडं बघायची. मी मान हलवायचो आणि निघायचो.

शिमग्यानंतर हुकूम आला. वर्षभर कामाचा रेटा होता म्हणून, ह्या एकाच वेळेपुरती, रजा पुढं न्यायला परवानगी. आणि खाली असंही, की यापुढं रजेची मागणी तोंडी चालणार नाही, सगळ्यांनी लेखी द्यायची. काकांना मॅनेजरनं आत बोलावून झापलं. बाहेर येऊन ते सरळ भट्टीकडं निघून गेले. खात्यातले लोक मला टोचू लागले, "आता शिंक आली तरी अर्ज का रे भावा?" माझ्या जागी दुसरा आगवाला मिळेपर्यंत आणखी काही दिवस गेले. चैत्र लागला तेव्हा आम्ही निघालो.

एसटीच्या शेवटच्या थांब्यावर चहावाल्यानं विचारलं, "कुणाकडं?" मी गावाचं नाव सांगितलं.

"तिथं कोण न्हाई आता. शिमगा झाला न् लोकं उठली की. ट्रकात बसवून नेली सरकारनं."

मी हिच्याकडं बघितलं. म्हणालो, "मग खाली नव्या जागेलाच जाऊ. तुझे वडील तिथंच भेटतील."

ती म्हणाली, "आधी घरी."

दिवसभर चाललो. एक लेकरू माझ्या खांद्यावर, दुसरं तिच्या कडेवर. गावात शिरलो तर कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. लोकांनी जाताना वासे, कौलं, दारं उतरवून नेली होती. चुना लावलेल्या भिंती तेवढ्या उभ्या, वर नुसतं आभाळ. तिच्या घराचा उंबरासुद्धा काढून नेलेला. जिथं उंबरा होता तिथं ती थांबली आणि वाकून हात लावून आत गेली.

मला वाटलं रडेल. रडली नाही. तरवडाच्या फांद्या मोडून आणल्या आणि सगळं घर झाडलं. चुलीचा एक वैल फुटलेला होता, तिथं दगड लावला. पिशवीतलं पीठ काढून भाकरी थापल्या. माझ्यासाठी भिंतीकडेला घोंगडी टाकली आणि म्हणाली, "बसा. जावयाला आधी वाढायचं असतं."

लग्नानंतर त्या घरात मी जेवलोच नव्हतो. भाकरी आणि कांदा जेवलो. तिनं दोनदा आग्रह केला, अगदी पंगतीत करतात तसा. दोन्ही वेळा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "राहायचं का अजून? रजा आहे."

"कुणापाशी राहायचं?" ती म्हणाली.

खालच्या माळावर पत्र्याच्या शेडी होत्या. त्यातल्या एकीत तिचा बाप बसलेला. त्यानं नातवंडांच्या तोंडावरून हात फिरवला आणि लेकीला एवढंच म्हणाला, "आता आलीस होय!" त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिथं पत्र्याखाली दुपारी बसवत नव्हतं. पाहुण्यांना निजायला जागा नव्हती. दोन दिवस काढले आणि परतलो. अर्धी रजा तशीच उरली. ती मी कामावर हजर होऊन परत दिली. काकांनी लांबूनच विचारलं, "फणस?" मग माझं तोंड बघून कोळशाच्या ढिगाकडं वळले. ते त्याच वर्षी नोकरी सोडून गावी गेले.

त्या घरावर पुढं पाणी आलं. ती कधी बघायला गेली नाही.

एक मात्र राहिलं. दर वर्षी मार्गशीर्ष आला, रजेचं वर्ष संपायला आलं, की ती विचारायची, "अर्ज दिला का?" कुठं जायचं ते कधी बोलायची नाही. मी अर्ज द्यायचो. रजा मिळायची, कधी नाही मिळायची, पण बुडाली कधीच नाही. मला निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी गमतीनं विचारायची, "काय हो, अर्ज दिला का?" मी म्हणायचो, "दिला, दिला." मग ती म्हणायची, "मग बरं."

यंदाचा मार्गशीर्ष निम्मा सरला. सकाळी उठून मी चुलीच्या जागेकडं बघत बसतो. आता तिथं गॅस आहे. सगळी रजाच आहे आता, आणि विचारणारं कोणी नाही.