एकशेपंचवीसमधला तिसरा पाच

आमच्या हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. अलीकडे स्वयंपाकघर आणि पलंग, पलीकडे बाकं आणि फळा. मीरा रोडला पेणकरपाड्याच्या अलीकडच्या नव्या बिल्डिंगांमध्ये तळमजल्यावरचा तो ब्लॉक आम्ही क्लाससाठीच घेतला होता. लग्नाआधी मी गिरगावात राहायचे, हे दादरला. एकाच कॉलेजात, एकाच वर्गात आम्ही दोघांनी गणित घेऊन बीएस्सी केलं होतं. मार्क मला जास्त होते. ही गोष्ट आमच्या घरात कुणी काढायचं नाही, मीही नाही.

क्लासच्या पाटीवर त्यांचं नाव होतं. सकाळी सातवीपर्यंतची मुलं माझ्याकडे, संध्याकाळी एमबीएच्या प्रवेश परीक्षेची बॅच त्यांच्याकडे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मीरा रोडला रोज नवी बिल्डिंग उभी राहत होती, आणि प्रत्येक बिल्डिंगमध्ये एखादा तरी मुलगा असा होता की ज्याला बापाच्या दुकानावर बसायचं नव्हतं. ते छान शिकवायचे, हे मी आजही नाकारणार नाही. आवाज मोकळा, अक्षर मोठं, आणि कुठल्याही गणिताची एका ओळीची युक्ती तयार. मुलं युक्त्यांसाठीच यायची. परीक्षेत वेळ कमी असतो, कारण विचारत कोण बसतो?

मी पार्टिशनच्या अलीकडे भाजी चिरत असायचे आणि ऐकत असायचे. त्या दिवशी त्यांनी फॅक्टोरियल घेतला होता. एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, आणि त्या गुणाकाराच्या शेवटी किती शून्यं येतील, असा प्रश्न.

"शून्य कशाने येतं? दहाने. दहा म्हणजे दोन गुणिले पाच. दोन भरपूर मिळतात, तुटवडा पाचचा. म्हणून फक्त पाच मोजायचे," ते म्हणाले. इथपर्यंत बरोबर होतं. "आता युक्ती लिहून घ्या. पाचने भागा, पंचवीसने भागा, दोन्हीची बेरीज करा. शंभरचा फॅक्टोरियल: वीस आणि चार, चोवीस शून्यं. संपलं."

शंभरला ते बरोबरच येतं. मग त्यांनी फळ्यावर एकशेपंचवीस लिहिला. "पंचवीस आणि पाच. तीस."

माझा हात थांबला. मी आत गेले नाही. त्यांच्या वर्गात मी कधीच जात नसे.

उत्तनहून एक मुलगी त्या बॅचला यायची. कोळ्यांच्या घरातली, ख्रिश्चन. बी.कॉम. झालेली, वडिलांची होडी होती. शेवटची बस चुकू नये म्हणून तिचं लक्ष सारखं घड्याळाकडे असायचं. सुटीत पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात यायची, कारण बाकीच्या मुलांमध्ये तिला अवघडल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी ग्लास हातात धरून ती म्हणाली, "मॅडम, पंचवीसला दोन पाच हायेत म्हणून आपण परत मोजतो ना? मग एकशेपंचवीसला तीन न्हाय का?"

मी तिला तिथेच ओट्यावर बोटाने लिहून दाखवलं. दर पाचवी संख्या एक पाच देते, असे पंचवीस. त्यातल्या पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर आणि एकशेपंचवीस या संख्या आणखी एकेक पाच देतात, म्हणजे आणखी पाच. आणि एकशेपंचवीस म्हणजे पाच गुणिले पाच गुणिले पाच, त्याचा तिसरा पाच अजून मोजलेलाच नाही. एकतीस.

"म्हणजे पाच, पंचवीस, मग एकशेपंचवीस, मग सहाशेपंचवीस, आकड्यात बसेल तोपर्यंत भागत जायचं," मी म्हटलं. "एकशेचोवीसपर्यंत सरांची युक्ती चालते. पुढे नाही."

ती हसली. मला फार बरं वाटलं. लग्नानंतर मोठ्या कुणाला मी गणित समजावत होते, असं ते पहिल्यांदाच झालं होतं.

मुलं गेल्यावर मी त्यांना सांगितलं. हळूच, जेवताना. "अहो, एकशेपंचवीसला एकतीस येतील. तिसरा पाच राहिला."

ते आमटी ओतून घेत होते. "तू कशाला ऐकतेस?"

"कानावर येतं."

"परीक्षेत शंभरच विचारतात. उगाच तिसरी पायरी घातली की पोरं गोंधळतात."

"पण उत्तर चुकतंय."

"सातवीच्या मुलांना शिकवतेस ना, ते नीट शिकव."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीने हात वर केला आणि एकतीस म्हणाली. पार्टिशनपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू आला. "कुणी सांगितलं?" एक गुजराती मुलगा हसत म्हणाला, "सर, मॅडम ने बताया होगा. ये किचन में कोचिंग लेती है." सगळे हसले. तेही हसले. म्हणाले, "मॅडम पाचवी-सहावी बघतात. तिथे पाढे असतात. इथे आपण तीसच धरायचे."

मी त्या दिवशी पोळ्या केल्या, कपडे वाळत घातले, सकाळच्या मुलांचे पेपर तपासले. राग आला होता असंही म्हणवत नाही. अंगावर काहीतरी सांडावं आणि पुसायला फडकं नसावं, तसं वाटत होतं. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही दोघांनी हेच गणित शेजारी बसून सोडवलं होतं. त्यांना ते आठवत होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

परीक्षेत दोनशेचा फॅक्टोरियल आला.

बेव्हर्ली पार्कच्या दोन-तीन मुलांसह तो गुजराती मुलगा दुसऱ्याच दिवशी आला, बरोबर वडील. उत्तनची मुलगीही आली होती, इंटरव्ह्यूच्या तयारीचं विचारायला. मी चहा घेऊन गेले. मुलगा सांगत होता, "सर, ऑप्शन में अड़तालीस भी था, उनचास भी. हम सबने अड़तालीस मार दिया. बाहर आके दूसरे क्लासवाले बोले उनचास है." चुकीच्या उत्तराला मार्क कापले जायचे, त्यामुळे मुलं जास्तच वैतागली होती. वडील शांत माणूस, पण स्वर कडक. "सर, हमने आपका नाम सुनके भेजा था. ऐसा बेसिक चीज गलत कैसे हुआ?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे खाली ठेवत होते.

"वो टॉपिक मैडम ने लिया था," ते म्हणाले. "उस दिन मेरी तबीयत ठीक नहीं थी."

मुलांना खोटं आहे हे ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, ते सगळे त्या दिवशी याच बाकांवर होते. पण गुजराती मुलगा खाली बघून बुटाची लेस बांधायला लागला. त्याच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, कीव केल्यासारखं. "हां, तो लेडीज को घर का भी देखना पड़ता है," ते म्हणाले.

मी खडू उचलला. दोनशे लिहिलं. माझं हिंदी तेव्हा धड नव्हतं, मी मराठीतच बोलले. "पाचने भागले, चाळीस. पंचवीसने, आठ. एकशेपंचवीसने, एक. एकोणपन्नास. मी शिकवलं असतं तर हे शिकवलं असतं." मग त्या मुलीकडे वळून म्हटलं, "तू सांग. मी तुला काय सांगितलं होतं?"

ती त्यांच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "मला नीट आठवत न्हाय, मॅडम," ती म्हणाली.

हे उठले, फळा पुसला, आणि वडिलांना म्हणाले, "देखा? अभी समझ गई." सगळे हसले, सुटल्यासारखे.

मुलं पांगल्यावर मी बाहेरच्या नळावर कप विसळत होते. ती मुलगी मागून आली. "मॅडम, मी एकोणपन्नासच मारलं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्यामुळेच. पन इंटरव्ह्यूची तयारी सर करून घेनार हायेत. दुसरा क्लास मला परवडत न्हाय. मी काय बोलनार?"

"काही नको बोलूस. जा, बस जाईल," मी म्हटलं.

तिला मी दोष दिला नाही, आजही देत नाही. पण तिचं ते वाक्य त्यांच्या खोट्यापेक्षा जास्त लागलं. त्यांच्याकडून मी आशा सोडलेली होती, तिच्याकडून नव्हती.

त्या संध्याकाळी आमचं बोलणं झालं. खरं तर मीच बोलले.

"माझं नाव का घेतलंत?"

"तुला काय फरक पडतो? तुझ्याकडे येणारी मुलं त्यावरून कमी होणार आहेत का? माझा क्लास बुडाला असता."

"पण मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतंस," ते म्हणाले. एवढंच कबूल केलं, आणि तेही तक्रार केल्यासारखं, जणू मी सांगितलं हाच माझा गुन्हा होता.

सकाळची बॅच मी बंद केली. जेसल पार्कजवळच्या एका शाळेत गणिताची जागा होती, तिथे अर्ज केला. आठवी ते दहावी. ते नको म्हणाले नाहीत. सकाळी बाकं रिकामी राहतील म्हणून कुरकुरले, मग त्या वेळेतही मोठ्या मुलांची बॅच सुरू केली. त्या मुलीची निवड झाली. पेढे घेऊन आली तेव्हा मी शाळेत होते. पेढे त्यांनी घेतले. पाटीशेजारी तिचा फोटो लागला, खाली त्यांचं नाव.

पुढच्या वर्षी एका संध्याकाळी मी शाळेतून आले आणि चपला काढता काढता पार्टिशनपलीकडून त्यांचा आवाज ऐकला. फॅक्टोरियल चालू होता. पाचने भागा, पंचवीसने भागा. मग ते थांबले. "आणि इथेच सगळे चुकतात," ते म्हणाले. "एकशेपंचवीसचा तिसरा पाच विसरतात. मोठमोठ्या क्लासमध्ये सुद्धा. मी तुम्हाला सांगतोय, आकड्यात बसेल तोपर्यंत भागत जा." एक मुलगा म्हणाला, "सर, ये किसी ने नहीं बताया था." ते म्हणाले, "कोई नहीं बताता."

समजावणं उत्तम होतं. मी समजावलं असतं त्याहून कदाचित चांगलं. मुलांना एका फटक्यात कळलं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

मी चहा टाकला. क्लास सुटल्यावर ते आत आले आणि म्हणाले, "आज बॅच छान झाली."

मी कप पुढे केला. म्हटलं, "ऐकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलतील असं वाटलं. मग साखर कमी आहे म्हणाले, आणि मी डबा दिला.

आम्ही अजून त्याच घरात राहतो.