हरकत असल्यास कारण लिहा

कुंदाबाई धुरींनी मला चौथीत शिकवलं. त्यानंतर मी दहावी झालो, मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मशीन चालवायला लागलो, पण बाईंच्या हिशेबात मी अजून चौथी 'ब'मधला, तिसऱ्या बाकावरचा आकाश. त्यामुळे डिसेंबरातल्या एका संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा "वेळ आहे का" वगैरे विचारलं गेलं नाही.

"आकाश, तुझ्याकडे तो कॉम्प्युटर आहे ना? घेऊन शाळेत ये. पत्र टाईप करायचंय. आणि डबा खाऊन ये, इथे काही मिळणार नाही."

बाईंचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. मे महिन्यात निवृत्ती. जाण्याआधी आपल्या चौथीच्या बत्तीस मुलांना एकदा खरं शेत दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वसईला एका ओळखीच्या माणसाची वाडी होती. केळी, पालेभाजी, विहीर, दोन गाई. शिक्षण विभागाची परवानगी आली होती, बसचं भाडं आम्ही माजी विद्यार्थ्यांनी उचललं होतं. उरलं होतं पालकांना पत्र पाठवणं, त्यांची लेखी संमती घेणं आणि जेवणासाठी प्रत्येकी ऐंशी रुपये गोळा करणं.

मुख्याध्यापिका शर्मिष्ठा मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं, "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत संमतिपत्रं माझ्या टेबलावर. त्यानंतर बस रद्द."

त्यावर बाईंनी स्वतःची अट चढवली होती. "बत्तीसच्या बत्तीस. एक मूल जरी मागे राहिलं तर मी कुणालाच नेणार नाही."

"बाई, आजारी पडतं एखादं," मी म्हणालो.

"आजारी पडलं तर गोष्ट वेगळी. पण आईबापाने नाही म्हटलं म्हणून एक पोर रिकाम्या वर्गात बसलंय आणि बाकीचे बसमधून हात हलवतायत, हे मला नको. मी तशी बसलेली आहे. टाईप कर."

बाईंना काहीही लपवता येत नाही. त्यांच्या मते सही मागायची तर समोरच्याला सगळं माहीत असलं पाहिजे. त्यामुळे पत्र दोन पानी झालं. निघण्याची वेळ, परतण्याची वेळ, सोबत तीन शिक्षिका आणि एक सेविका, प्रथमोपचार पेटी, इथपर्यंत ठीक होतं. पुढे होतं: "वाडीत विहीर आहे. तिला कठडा आहे. तरीही मी स्वतः कठड्याजवळ उभी राहीन." "गाय गरीब आहे, असे मालक म्हणतात." "साप दिसण्याची शक्यता कमी आहे."

"बाई, साप काढूया," मी म्हणालो.

"का? तू त्याला काढलास म्हणून तो वाडीतून जाणारे का?"

वर्गणीचा मुद्दा मात्र त्यांनी फार विचार करून लिहून घेतला. रक्कम ऐच्छिक. बंद पाकिटात द्यावी. ज्यांना जमणार नाही त्यांनी रिकामं पाकीट दिलं तरी चालेल, कुणाचंही नाव वर्गात घेतलं जाणार नाही. एका वाक्याची भर माझी. वेळापत्रकात मी टाकलं, "११.३० ते १२.३०: मुले शेतात काम करण्याचा आनंद घेतील." मला ते वाक्य फार आवडलं होतं.

पत्राच्या खाली कापून परत द्यायची चिठ्ठी. मुलाचं नाव, फोन, कशाची ॲलर्जी, पालकाची सही. आणि तिथे बाईंनी घोटाळा केला.

"खाली लिही, 'हरकत असल्यास कारण लिहा.' आणि चार ओळी मोकळ्या सोड."

"चार कशाला?"

"माणसाला आपलं म्हणणं मांडायला जागा नको?"

मराठी माणसाला हरकत घ्यायला चार ओळी मोकळ्या सोडायच्या असतात का? सोमवारी पत्रं घरी गेली. बुधवारी बाईंनी मला बोलावलं तेव्हा टेबलावर बत्तीस चिठ्ठ्या होत्या. सह्या नऊ. बाकीच्यांपैकी एक सोडून सगळ्यांनी चारही ओळी भरल्या होत्या आणि काहींनी "कृ. मा. प." करून मागची बाजूही.

श्रुतिकाच्या वडिलांनी लिहिलं होतं, "आमची कणकवलीला कलमे आहेत. शेत बघायला पैसे देणे मनाला पटत नाही. उलट बाईंनीच मे महिन्यात आमच्याकडे यावे. फणस आहे."

देवेशच्या आईने लिहिलं होतं, "देवेशला चिखल फार आवडतो. तो परत येणार नाही."

जान्हवीच्या घरून, "गाय गरीब आहे असे मालक म्हणतात. गाय काय म्हणते?"

सर्वेशच्या काकांनी सापाच्या जाती विचारल्या होत्या, विषारी आणि बिनविषारी असे दोन रकाने आखून.

मी म्हणालो, "बाई, वाट लागली. आता छोटं पत्र करू. चार वाक्यांचं. साप नाही, ओळी नाहीत."

"गप्प बस." बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं. "लोकांनी उत्तरं लिहिलीत. उत्तरं तपासायची असतात."

आणि त्या खरोखर तपासायला बसल्या. कलमांच्या खाली लिहिलं, "कलम म्हणजे बाग. पालेभाजीचा वाफा वेगळा. प्रश्न नीट वाचला नाही. ३/१०." देवेशच्या आईला, "परत आणण्याची जबाबदारी माझी. निरीक्षण चांगले. ६/१०." गाईच्या प्रश्नाला, "विनोद बरा, कारण नाही. ४/१०." सापांच्या रकान्यांना नीटनेटकेपणाचा एक गुण जास्त दिला. तपासलेल्या प्रत्येक चिठ्ठीखाली शेरा: "पुन्हा विचार करून सही करून आणावे."

मला वाटलं होतं, आता पालक शाळेवर मोर्चा आणणार. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. यातले निम्मे पालक बाईंच्याच हाताखालून गेले होते. गुरुवारी सकाळी श्रुतिकाचे वडील फाटकात उभे. चाळिशीचा माणूस, हेल्मेट हातात, सही केलेली चिठ्ठी आणि बंद पाकीट पुढे धरलेलं.

"बाई, तीन?"

"मग किती देऊ?"

"चौथीतपण तुम्ही मला तीनच द्यायच्यात."

"मग चौथीनंतर काही सुधारणा नाही म्हणायची. ठेव तिथे. आणि फणसाचं लक्षात आहे हो माझ्या."

गुरुवार संध्याकाळपर्यंत एकतीस सह्या झाल्या. पाकिटं जाड किती, रिकामी किती, ते फक्त बाईंना माहीत. उरली एकच चिठ्ठी. प्रबुद्धची. त्याच्या आजोबांनी, धोंडिराम वाघमाऱ्यांनी, चारपैकी एकच ओळ वापरली होती: "आमचे शेत बघून झाले आहे."

तिच्यावर लाल पेन चाललं नव्हतं.

"याला किती द्यायचे रे?" बाई म्हणाल्या. "हे तर बरोबर आहे."

शुक्रवारी बाराची मुदत. आम्ही गुरुवारीच त्यांच्या घरी गेलो, शाळेमागच्या इमारतीत, चौथा मजला, लिफ्ट बंद. प्रबुद्धची आई प्रियंका एका दवाखान्यात काम करते, ती नुकतीच घरी आली होती. तिने पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "माझी सही कधीचीच झाली असती, बाई. पण मामंजींचा शब्द मोडून नाही करणार मी."

धोंडिराम आजोबा खिडकीजवळ ताठ बसले होते. प्रबुद्ध दाराआड, फक्त डोळे दिसत होते.

"बाई, तुमच्यावर राग नाही," आजोबा म्हणाले. "पण बारा वर्षाचा असल्यापासून मी दुसऱ्याच्या रानात राबलो. अठराव्या वर्षी दुष्काळात इथं आलो, ते परत वळून बघितलं नाही. पोराला शाळेत घातलं ते पुन्हा बांधावर न्यायला का?"

"फक्त बघायला नेतोय, आजोबा," मी मध्ये बोललो.

"मलापण पहिल्या दिवशी बघायलाच नेलं होतं."

मी पाण्याचा पेला पुन्हा तोंडाला लावला. तो रिकामा होता.

बाईंनी वाद घातला नाही. पर्समधून पत्र काढलं, वर लाल पेन ठेवलं आणि दोन्ही त्यांच्या हातात दिलं. "शेतातलं मला काही कळत नाही. माझा बाप गिरणीत होता. यात चुकलंय काय ते तुम्ही सांगा. तपासून द्या."

आजोबांनी चष्मा लावला. पहिलं पान सावकाश वाचलं. सापापाशी मान हलवली, "हे बरोबर आहे." मग वेळापत्रकाशी थांबले. हसायला लागले. इतके हसले की प्रियंका स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"'शेतात काम करण्याचा आनंद'! हे कुणी लिहिलं?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"कधी निंदलंय का? तण उपटलंय?"

"नाही, आजोबा."

"दिसतंय." त्यांनी ती ओळ खोडली. वर हळूहळू, सुबक अक्षरात लिहिलं: "मुले एक वाफा निंदतील. कंबर दुखेल. मग तिथे काम करणाऱ्या बायांना विचारतील की त्यांना दिवसाची मजुरी किती मिळते, आणि ती वहीत लिहितील."

बाईंनी वाचलं. "हे मी बदलून छापते. आज रात्री नाही जमलं तर उद्या सकाळी सगळ्यांच्या पत्रावर हाताने लिहिते. पण हे शिकवणार कोण? मला निंदता येत नाही, याला येत नाही. बसमध्ये चार जागा रिकाम्या आहेत."

आजोबांनी पत्राची नीट घडी घातली. मग प्रबुद्धची चिठ्ठी घेतली आणि सही केली. पाकीट प्रियंकाने आधीच तयार ठेवलं होतं.

"पोराची झाली," ते म्हणाले. "माझं बघू."

शुक्रवारी पावणेबाराला शर्मिष्ठा मॅडमनी चिठ्ठ्या मोजल्या. "तेहेतीस? मुलं तर बत्तीस आहेत."

"मोठ्या माणसाचीही संमती लागते," बाई म्हणाल्या. "चिठ्ठीशिवाय माझ्या बसमध्ये कुणी चढत नाही."

तेहेतिसावी चिठ्ठी नऊ वर्षांच्या अक्षरात होती. सहलीला येणाऱ्याचे नाव: धोंडिराम वाघमारे. पालकाची सही: प्रबुद्ध. ॲलर्जी: उपदेश केलेला चालत नाही. आणि हरकतीच्या चार ओळींत:

"माझी हरकत नाही. त्यांना वाकू देऊ नये, त्यांनी फक्त सांगावे, आम्ही निंदू. ताक चालेल. विहिरीजवळ बाईंच्या शेजारी उभे करावे."

बाईंनी खाली लाल पेनाने लिहिलं, १०/१०.