परसातली केळी आणि पहाटेची पेज

सन दोन हजारनंतरच्या पहिल्या दशकात मी मुंबईच्या उत्तरेला, बोळिंजला राहत होते आणि मुंबईतल्या एका रुग्णालयात, मूलपेशी प्रत्यारोपणाच्या विभागात आहारतज्ज्ञ होते. वडील शिक्षक असल्यामुळे, विधान केले की त्याचे कारण सांगायचे, ही शिस्त मला घरातूनच लागली होती. ती शिस्त खऱ्या अर्थाने कामी आली किनाऱ्यावरच्या राजोडी गावच्या एका बाईंमुळे.

त्या मासळी विकत. रक्ताच्या आजारामुळे त्यांच्याच मूलपेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, काढून ठेवून जबर औषधांनंतर त्यांना परत दिल्या होत्या. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्यावर त्या घरी गेल्या; सोबत संसर्ग टाळण्यासाठीच्या आहाराचा आमचा छापील कागद होता. न शिजवलेले फळ नाही, कोशिंबीर नाही, दही नाही. जे खायचे ते शिजवलेलेच. ते त्यांना फारसे जात नसे आणि प्रत्येक तपासणीला त्यांचे वजन उतरत होते. आमच्या विभागप्रमुखांनी स्पष्ट सांगितले की असेच चालले तर नाकातून नळी घालावी लागेल. बाईंना आजाराचे नव्हते इतके त्या नळीचे भय होते.

राजोडी माझ्या घरापासून फार दूर नव्हते, म्हणून एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. अंगणात पांढरा क्रूस, मागे विहीर आणि तिच्या पाण्यावर पोसलेली केळीची रांग. तो ओल्या मातीचा आणि पिकल्या घडाचा वास अजून आठवतो. बाई ओट्यावर बसल्या होत्या.

"बाय, केळी पिकून गळतात," त्या म्हणाल्या. "शेजारनींना वाटून टाकते. मला खायची मनाई."

त्यांचे यजमान होडीवर जाणे थांबवून स्वयंपाक पाहत होते. त्यांनी मला मोठ्या अभिमानाने चूल, कुकर आणि उकळून गाळलेले पाणी दाखवले. कागदावरचा एकही नियम त्यांनी मोडला नव्हता. फळीवर झाकलेले पेजेचे मोठे पातेले होते. ही केव्हाची, असे मी विचारले. पहाटेची, ते म्हणाले. दुपारी देतो, संध्याकाळी देतो, पुन्हा गरम करून.

"होडीवर भात एकदाच शिजतो ना, सगळ्या दिवसाचा," बाई हसून म्हणाल्या. "ह्यांना वाटतं, मी पण खलाशी."

मी पातेल्याला हात लावून पाहिला; ते कोमट होते. भातातल्या काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास उबेत राहिला की ती वाढतात, विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. शिजवलेली म्हणून पेज आमच्या कागदात बसत होती. घरच्या झाडाचे, जाड सालीचे, हात धुऊन सोललेले केळे मात्र बसत नव्हते.

सोमवारी मी हे विभागप्रमुखांना सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, मत नको, कारणांसह टिपण लिही.

मी लिहिले: कडक आहार आणि साधी अन्नसुरक्षा यांची तुलना करणारे अभ्यास थोडे आहेत आणि त्यांतले रुग्णही थोडे. कडक आहाराने संसर्ग कमी होतो असे त्यांत दिसत नाही. तो निरुपयोगी आहे असेही एवढ्यावरून सिद्ध होत नाही. या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत आणि कमी खाण्याने होणारी हानी वजनाच्या काट्यावर दिसते आहे. म्हणून सोललेली फळे द्यावीत. मासे व अंडी पूर्ण शिजवलेली असावीत, मासळीची विळी वेगळी असावी, पाणी उकळलेले असावे. अन्न ताजे करून लगेच वाढावे. उरलेले बाहेर ठेवू नये. मोड आलेली कच्ची कडधान्ये आणि न तापवलेले दूध टाळावे.

त्यांनी ते दोनदा वाचले. "पेशी पुन्हा उतरल्या तर आधी मला विचारायचं," ते म्हणाले. "आणि ताप आला तर सगळे केळ्यालाच दोष देतील. तयारी आहे?"

"आहे," मी म्हणाले. त्यांनी सही केली.

पुढच्या रविवारी यजमानांनी माझ्यासमोर साबणाने हात धुतले, केळे धुऊन सोलले आणि बायकोच्या हातात दिले. बाईंनी ते फार सावकाश खाल्ले. चुलीवर फक्त दुपारपुरतीच पेज रटरटत होती.

"आता होडीवरचा सैपाक बंद," त्यांनी नवऱ्याला सुनावले. "दर वेळेला ताजा करायचा. लग्न झाल्यापासून मी तसाच करत आले ना?"

पुढच्या तपासणीला वजन उतरायचे थांबले होते, त्यापुढच्या तपासणीला थोडे चढले. नळीचा विषय पुन्हा निघाला नाही. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्या वेळीही टिपणात नोंदवले होते. पण पुढे त्या आल्या की माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेली चार केळी ठेवत आणि मी उठून हात धुऊन येईपर्यंत मला एकही सोलू देत नसत.