दोन चमचे तेलातले वडे

नव्वदच्या दशकापासून वीसेक वर्षं आम्ही नवरा-बायकोनं शिवाजी पेठेत वड्याची गाडी चालवली. पुढं ह्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. मग लेकीनं एअर फ्रायर आणून दिला.

पहिल्यांदा मी गाडीवरच्यासारखंच सैल पीठ भिजवलं. ते सगळं जाळीतून खाली गळालं आणि बटाट्याचे गोळे उघडे पडले.

"ह्येला वडा म्हनायचा?" हे म्हणाले. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी बेसन इतकं घट्ट भिजवलं की ते गोळ्याला चिकटूनच राहिलं. वरून टोस्टचा चुरा लावला, सहा वड्यांना मिळून दोन चमचे तेल ब्रशनं फिरवलं. एकशेऐंशीवर पंधरा मिनिटं ठेवले, मध्ये एकदा उलटले.

ह्यांनी घास घेतला तेव्हा कुर्रकन आवाज झाला.

"कढईतला न्हाय ह्यो," ते म्हणाले, "पण वडा हाय की! आणखी एक दे."

पुढं कांदाभजी आणि पुऱ्या एअर फ्रायरमध्ये कधीच जमल्या नाहीत. मी त्यांचा नाद सोडला. पण वडा जमला त्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीला बोलावून मी सहा-सहा करत वडे खायला घातले.